व्ह्यू वाढले, पण कुठून?

समजा, सांगलीच्या एका मायलेकी यूट्यूबवर फराळाच्या पदार्थांचे चॅनेल चालवतात. आई पदार्थ करते. मुलगी शूटिंग, एडिटिंग आणि चॅनेलचे बाकीचे सगळे पाहते. दोन वर्षांपूर्वी टाकलेला भाजणीच्या चकलीचा त्यांचा व्हिडिओ तसा मागेच पडलेला. नाव होते ‘दिवाळी फराळ भाग ३ : आजीच्या हातची चव’. १ ऑक्टोबर २०२५ रोजी मुलीने ते बदलून ‘भाजणीची चकली : चकली मऊ का पडते?’ असे केले. थंबनेल, म्हणजे व्हिडिओवरचे छोटे चित्र, तेच ठेवले. आधीच्या दोन आठवड्यांत व्हिडिओला २,००० व्ह्यू मिळाले होते, पुढच्या दोन आठवड्यांत ४,४०० मिळाले. नवे नाव लागू पडले, असे ठरवून ती उरलेल्या सगळ्या व्हिडिओंची नावे त्याच धर्तीवर बदलायला बसते.

हे आकडे हिशोब समजावा म्हणून घेतलेले आहेत, पण अशी घाई छोट्या चॅनेलांवर रोज होते. नाव बदलले आणि व्ह्यू वाढले, या दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या एवढेच ४,४०० हा आकडा सांगतो. एकीमुळे दुसरी झाली का, हे त्यात कुठेच नाही. ते शोधायचे तर हे व्ह्यू कोणत्या वाटेने आले, ते वेगळे काढावे लागते.

यूट्यूब स्टुडिओत एखाद्या व्हिडिओचे अॅनालिटिक्स उघडून ‘रीच’ या भागात गेले, की प्रेक्षक व्हिडिओपर्यंत कसे पोहोचले याची वाटणी दिसते. तिथे बऱ्याच ओळी असतात, पण नाव, थंबनेल, वर्णन आणि टॅग यांच्या बदलाचा निकाल लावायला त्यातल्या तीन महत्त्वाच्या. पडद्यावर त्या YouTube search, Suggested videos आणि Browse features अशा दिसतात. मराठीत बोलताना लोक सरळ सर्च, सजेस्टेड आणि ब्राउझ म्हणतात.

सर्चमधून आलेला माणूस काहीतरी टाइप करून आलेला असतो. त्याला चकलीच हवी असते आणि त्याच्यासमोर चकलीचेच दहा-बारा व्हिडिओ असतात. ब्राउझमधल्या माणसाने काहीच मागितलेले नसते. त्याने यूट्यूब उघडले आणि होम पानावर, त्याच्या आजवरच्या पाहण्यावरून यूट्यूबने जे मांडले, त्यात हा व्हिडिओ होता. सबस्क्रिप्शनच्या पानावरून आलेले व्ह्यूही ब्राउझमध्येच धरले जातात. सजेस्टेडचा माणूस या दोघांच्या मधला. तो दुसरा एक व्हिडिओ पाहत होता आणि त्याच्या शेजारी किंवा तो संपल्यावर हा व्हिडिओ पुढे आला. किराणा दुकानात एक गिऱ्हाईक ‘अर्धा किलो भाजणी द्या’ म्हणते, दुसरे नुसतेच समोरून जाताना काचेआडच्या बरणीकडे बघते, तिसऱ्याने भाजणी घेतल्यावर दुकानदार ‘साचा आहे का घरी?’ विचारतो, फरक तेवढा स्वच्छ आहे.

म्हणूनच एकाच नावाला तिन्ही ठिकाणी वेगवेगळे काम करावे लागते. सर्चमध्ये नावाची पहिली जबाबदारी म्हणजे विचारलेल्या शब्दांशी जुळणे. शोधाच्या निकालांचा क्रम लावताना आपण व्हिडिओ शोधाशी किती जुळतो, लोक तो किती पाहतात आणि त्याचा दर्जा काय, हे बघतो, असे यूट्यूब स्वतः सांगते. जुळण्याच्या भागात नाव, वर्णन आणि टॅग येतात. होम पानावर मात्र कुणी शब्द दिलेलाच नसतो, त्यामुळे जुळायचे कशाशी हा प्रश्नच नाही. तिथे नाव आणि थंबनेल मिळून, मागणी नसलेल्या माणसाचा अंगठा स्क्रीनवर थांबवतात की नाही, एवढेच मोजले जाते.

याचे जगजाहीर उदाहरण व्हेरिटॅसियम या विज्ञानाच्या चॅनेलचे आहे. त्याचे संस्थापक डेरेक मुलर यांनी २०२१ मध्ये या विषयावर ‘Clickbait is Unreasonably Effective’ नावाचा एक अख्खा व्हिडिओच केला. व्हिडिओ प्रसिद्ध झाल्यावर आपण नाव आणि थंबनेल कसे बदलत जातो, आकडे कसे बघत राहतो, हे त्यात ते उघडपणे सांगतात. लघुग्रहांवरच्या त्यांच्या एका व्हिडिओचे नाव ‘These are the asteroids to worry about’ असे आहे. हे नाव जसेच्या तसे कोण टाइप करणार? शोधणारा ‘asteroid impact’ वगैरे लिहील. पण होम पानावर सहज चाळणाऱ्याला ते थांबवते. म्हणजे हे ब्राउझसाठी घडवलेले नाव आहे, आणि त्याचा परिणाम पाहायचा तर ब्राउझच्याच ओळीत पाहायला हवा. मायलेकींचे ‘चकली मऊ का पडते?’ हे उलट शोधणाऱ्याच्या तोंडचे वाक्य आहे. त्याचा निकाल सर्चच्या ओळीत लागायला हवा.

तेव्हा ४,४०० व्ह्यू फोडून पाहू. आधीच्या पंधरवड्यात सर्चमधून ६००, सजेस्टेडमधून ५००, ब्राउझमधून ७०० आणि इतर वाटांनी २०० व्ह्यू आले होते. नंतरच्या पंधरवड्यात सर्च २,४००, सजेस्टेड ९००, ब्राउझ ८०० आणि इतर ३००. वाढ मुख्यतः सर्चमध्येच झाली आहे, चौपट. नाव शोधासाठी बदलले आणि शोधातलेच व्ह्यू वाढले, म्हणजे मुलीचे म्हणणे आणखी पक्के झाले असे वाटते. बहुतेक लोक इथेच थांबतात.

पण एक पायरी खाली उतरले की चित्र बदलते. प्रत्येक वाटेसमोर आणखी दोन आकडे मिळतात. एक इम्प्रेशन, म्हणजे थंबनेल किती वेळा लोकांच्या डोळ्यांपुढे आले. ते निम्म्याहून अधिक दिसले आणि एक सेकंदाहून जास्त वेळ पडद्यावर राहिले, तरच यूट्यूब ते मोजते. दुसरा आकडा क्लिक-थ्रू रेटचा, ज्याला सगळे सीटीआर म्हणतात. शंभर वेळा दिसल्यावर किती जणांनी त्यावर बोट ठेवले, त्याचे हे प्रमाण. चकलीच्या व्हिडिओचे सर्चमधले इम्प्रेशन आधी ७,५०० होते, नंतर ३०,००० झाले. सीटीआर दोन्ही वेळा ८ टक्के. म्हणजे नवे नाव वाचून पूर्वीपेक्षा जास्त प्रमाणात लोक आत आले, असे झालेलेच नाही. व्हिडिओ चौपट वेळा दाखवला गेला, इतकेच. आता प्रश्न उरतो तो चौपट का दाखवला गेला. नव्या नावामुळे तो निकालांत वर चढला असेल किंवा चकली शोधणारे लोकच चौपट झाले असतील.

१ ऑक्टोबर ते १४ ऑक्टोबर २०२५. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते. महाराष्ट्रातल्या घराघरांत भाजणी दळून आणायचे आणि तेलाचा डबा भरून ठेवायचे हेच दिवस. चकली शोधणारे वाढले नसते तरच नवल.

ऋतूचा हा वाटा वेगळा काढण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला गूगल ट्रेंड्सचा. तिथे वेबवरच्या शोधाऐवजी यूट्यूबवरचा शोध निवडता येतो आणि ‘चकली’ हा शब्द महाराष्ट्रापुरता टाकून त्या पंधरवड्यातला चढ पाहता येतो. मराठी माणूस रोमन लिपीतही भरपूर टाइप करतो, म्हणून ‘chakli recipe’ हेही सोबत पाहावे. ट्रेंड्सवर प्रत्यक्ष शोधांची संख्या मिळत नाही, शंभरपैकीचा सापेक्ष आकडा मिळतो. पण चढ किती पट आहे याचा अंदाज त्यावरून येतो. इथे एक खड्डा आहे, तो आपल्याकडच्या सणवारांमुळे पडलेला. यूट्यूब स्टुडिओत मागच्या वर्षीच्या त्याच तारखांशी तुलना करायची सोय आहे आणि ती फार सोयीची वाटते. पण २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होते. म्हणजे १४ ऑक्टोबर २०२५ हा दिवाळीच्या आधीचा आठवडा होता, तर १४ ऑक्टोबर २०२४ ला दिवाळी अडीच आठवडे लांब होती. तारखेला तारीख लावली तर खोटी वाढ दिसणारच. तिथीला तिथी लावून, स्वतःच्या हाताने तारखा भरून तुलना करावी लागते. गणपतीतले मोदक, संक्रांतीच्या वड्या, आषाढीचे उपासाचे पदार्थ या सगळ्यांना थोडाफार हाच नियम. अपवाद संक्रांतीचा, कारण ती सूर्यावर चालते आणि १४-१५ जानेवारी सोडून फारशी हलत नाही.

दुसरा मार्ग अधिक भरवशाचा आहे आणि त्याला चॅनेलबाहेर जावे लागत नाही. त्याच चॅनेलवरचा, त्याच सणाचा, पण ज्याला हात लावलेला नाही असा एक व्हिडिओ घ्यायचा. मायलेकींचा शंकरपाळ्यांचा व्हिडिओ तसाच्या तसा आहे. त्याचे सर्चमधले व्ह्यू त्याच दोन पंधरवड्यांत ५०० वरून १,९०० झाले, म्हणजे ३.८ पट. नाव न बदलता चकलीही ३.८ पटच वाढली असती असे धरले, तर ६०० चे २,२८० झाले असते. प्रत्यक्षात २,४०० झाले. नव्या नावाच्या खात्यावर टाकता येतील असे व्ह्यू उरले १२०. एकूण वाढ २,४०० व्ह्यूंची होती. तिच्यातला विसावा भाग.

तरीही हे १२० नगण्य म्हणून सोडून द्यायचे नाहीत. अॅनालिटिक्सच्या सविस्तर पानावर सर्चच्या ओळीवर क्लिक केले, की लोकांनी नेमके काय टाइप केले होते त्या शब्दांची यादी उघडते. नाव बदलाचा खरा पुरावा या यादीत असतो आणि फार थोडे लोक तिथपर्यंत जातात. मायलेकींच्या यादीत ‘चकली रेसिपी’, ‘भाजणी चकली’, ‘chakli recipe in marathi’ हे शब्द आधीही होते, नंतरही आहेत, आणि सगळे जवळपास सारख्याच पटीत फुगले आहेत. सगळे एकत्र फुगणे ही सणाची खूण. पण खाली दोन नवे शोध आहेत, ‘चकली मऊ का होते’ आणि ‘chakli mau padli tar kay karave’. त्यांतून मिळून ११० व्ह्यू आले आहेत आणि आधीच्या यादीत ते नव्हते. फार थोड्या वेळा आलेले शब्द यादीत दाखवले जातातच असे नाही, त्यामुळे आधी ते अगदी शून्य होते असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण नावात जो शब्द नव्याने घातला, नेमक्या त्याच शब्दाच्या शोधातून माणसे येऊ लागली, हा योगायोग नव्हे. आणि ११० हा आकडा शंकरपाळ्यांच्या तुलनेतून निघालेल्या १२० शी जुळतोही.

म्हणजे नाव लागू पडले, पण वेगळ्या अर्थाने. ‘चकली रेसिपी’ या गर्दीच्या शोधात त्याने व्हिडिओला वर चढवलेले नाही. एका लहान, पण नेमक्या प्रश्नाच्या शोधात आणून ठेवले आहे. हा प्रश्न दिवाळी संपल्यावरही कुणी ना कुणी विचारतच राहतो. म्हणून या बदलाची खरी परीक्षा ऑक्टोबरात होणारच नव्हती. ती फेब्रुवारीत, चकलीची आठवण नसलेल्या महिन्यात होईल. तेव्हा ते दोन शोध यादीत टिकून असले तर उरलेल्या व्हिडिओंच्या नावांत अशी अडचण घालण्यात अर्थ आहे, आणि मग नावेही एकाच साच्यातून न काढता ज्या पदार्थात लोक खरोखर अडतात त्यांनाच ती जोडलेली बरी. शंकरपाळे कडक होतात, अनारसे तेलात विरघळतात, चिवडा सादळतो. गुळाच्या पोळीचे सारण बाहेर येते.

याच्या उलटा घोळ ब्राउझमध्ये होतो आणि तो जास्त नुकसान करतो, कारण त्यात चांगला बदल माणूस स्वतःच मागे घेतो.

आता दुसरा प्रसंग. जुलैमध्ये, सण नसताना, मुलीने थालीपिठाच्या व्हिडिओचे थंबनेल बदलले. आधी ताटात मांडलेले थालीपीठ होते, आता तव्यावरचे, मधल्या भोकात तेल तडतडणारे. आठवड्याने तिने पाहिले तर एकूण सीटीआर ६ टक्क्यांवरून ३.९ टक्क्यांवर आला होता. आईने विचारले, “जुना फोटो काय वाईट होता गं?” आणि मुलीने तो परत लावला.

वाटांनुसार पाहिले असते तर तिने तसे केले नसते. आधीच्या आठवड्यात सर्चमध्ये ५,००० इम्प्रेशन होती आणि सीटीआर १० टक्के, म्हणजे ५०० व्ह्यू. ब्राउझमध्येही ५,००० इम्प्रेशन होती, सीटीआर २ टक्के, म्हणजे १०० व्ह्यू. एकूण १०,००० वर ६००, म्हणून ६ टक्के. नव्या थंबनेलनंतर सर्च जसाच्या तसा राहिला, ५,००० वर ५००. ब्राउझमध्ये मात्र सीटीआर २ वरून ३ टक्के झाला, आणि लोक जास्त थांबतायत हे पाहून यूट्यूबने व्हिडिओ ३५,००० वेळा दाखवला. त्यातून १,०५० व्ह्यू आले. एकूण ४०,००० इम्प्रेशनवर १,५५० व्ह्यू, म्हणजे ३.९ टक्के. एकाही वाटेवर प्रमाण घटलेले नाही, एकीवर दीडपट वाढले आहे, व्ह्यू अडीच पटींहून जास्त झाले आहेत, आणि तरी एकूण टक्केवारी कोसळलेली दिसते. कारण बेरजेत कमी टक्केवारीच्या ब्राउझचा वाटा अर्ध्यावरून साडेसत्त्याऐंशी टक्क्यांवर गेला.

संख्याशास्त्राच्या अभ्यासकांना हा प्रकार ओळखीचा आहे. एकूण सरासरी आणि तिच्या भागांच्या सरासऱ्या उलट्या दिशेने जाऊ शकतात. यूट्यूबवर हे अपवादाने घडत नाही. व्हिडिओ नेहमीच्या प्रेक्षकांपलीकडे अनोळखी लोकांपुढे जाऊ लागला, की एकूण सीटीआर घसरणे हे जवळपास ठरलेलेच आहे. यूट्यूबच्या मदतपानांवर निम्म्या चॅनेलांचा आणि व्हिडिओंचा सीटीआर २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असतो असे दिले आहे. लोक हा आकडा परीक्षेतल्या पास-नापासासारखा वापरतात. पण सर्चवर जगणारा व्हिडिओ आणि ब्राउझवर पसरणारा व्हिडिओ यांचे आकडे एका पट्टीने मोजता येत नाहीत. तुलना करायचीच तर एकाच व्हिडिओच्या एकाच वाटेची, आधीच्या आणि नंतरच्या काळातली करावी.

ब्राउझच्या वाढीला एक उलटतपासणी मात्र हवीच. त्याच ओळीवरचा सरासरी किती वेळ पाहिले गेले, हा आकडा पाहायचा. तव्यावरचे थालीपीठ पाहून माणूस आत आला आणि पहिली मिनिटभर भाजणीच्या पिठाचीच चर्चा चालली म्हणून निघून गेला, तर सीटीआर वाढलेला आणि पाहण्याचा वेळ घटलेला दिसेल. अशी वाढ टिकत नाही. २०१२ मध्येच यूट्यूबने शिफारशींचा भर नुसत्या व्ह्यूंवरून पाहण्याच्या वेळेवर नेला, तो नेमका अशा फसव्या थंबनेलांमुळे. हा वेळही वाटेनुसारच पाहावा, कारण शोधून आलेला माणूस आपला प्रश्न सुटला की अर्ध्यावर उठतो आणि त्यात व्हिडिओचा काही दोष नसतो.

सजेस्टेडबद्दल थोडक्यात सांगता येईल. त्या ओळीवर क्लिक केले, की कोणत्या व्हिडिओंच्या शेजारून प्रेक्षक आले त्यांची यादी मिळते. वाढ एकाच व्हिडिओमुळे झाली असेल, समजा एखाद्या मोठ्या चॅनेलचा चकलीचा व्हिडिओ दिवाळीत जोरात चालला आणि त्याच्या शेजारी मायलेकींचा दिसू लागला, तर ते श्रेय त्या मोठ्या व्हिडिओच्या लाटेचे. ती ओसरली की हे व्ह्यूही ओसरतील. वाढ वेगवेगळ्या, पूर्वी यादीत नसलेल्या व्हिडिओंच्या शेजारून होत असेल, तर मात्र नव्या नावाने किंवा थंबनेलने व्हिडिओला नवा शेजार मिळवून दिला असे म्हणायला जागा आहे. आपल्याच चॅनेलचे व्हिडिओ यादीत वर आले असतील तर ते चॅनेलच्या दृष्टीने चांगलेच, फक्त ते बदलाचे फळ की नव्याने टाकलेल्या एखाद्या लोकप्रिय व्हिडिओचे, हे तारखा लावून पाहावे लागते.

या तीन ओळींबाहेरची एक ओळही चुकवू नये. गूगलच्या साध्या शोधात व्हिडिओ सापडून जे लोक येतात ते YouTube search मध्ये मोजले जात नाहीत. ते External या ओळीत जातात आणि ती उघडल्यावर आत गूगल सर्च वेगळे दिसते. वर्णनात साहित्य आणि प्रमाण नीट लिहिल्यावर सर्चची ओळ हलली नाही म्हणून वर्णनाचा उपयोग नाही असे ठरवण्याआधी इथे डोकावायला हवे. टॅगांबाबत मात्र फार आशा ठेवण्यात अर्थ नाही. व्हिडिओ सापडण्यात टॅगांचा वाटा अगदी थोडा असतो आणि लोक ज्या शब्दांचे स्पेलिंग हमखास चुकवतात त्यांच्यापुरते ते कामाचे आहेत, असे यूट्यूबच सांगते. मराठीत ‘chakli’, ‘chakali’, ‘chakri’ अशा रोमन रूपांसाठी त्यांचा उपयोग होऊ शकेल, पण टॅग बदलल्यावर ब्राउझ वाढले तर त्याचे कारण दुसरीकडेच शोधावे.

तारखांचाही एक बारीक घोटाळा आहे. यूट्यूब अॅनालिटिक्समधला दिवस कॅलिफोर्नियाच्या घड्याळावर चालतो. तिथे मध्यरात्र होते तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचे साडेबारा आणि हिवाळ्यात दीड वाजलेला असतो. १ ऑक्टोबरला सकाळी दहा वाजता बदललेले नाव अहवालाच्या हिशोबाने ३० सप्टेंबरलाच बदललेले असते. त्यात सविस्तर आकडे यायला दोनेक दिवस लागतात. म्हणून बदलाचा दिवस दोन्ही बाजूंच्या तुलनेतून वगळावा, आणि जुने नाव, नवे नाव, तारीख आणि वेळ वहीत लिहून ठेवावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. नाव आणि थंबनेल एकाच दिवशी बदलले तर श्रेय कुणाचे हे नंतर कुठलाच अहवाल सांगू शकत नाही.

नव्या व्हिडिओच्या पहिल्या आठवड्यात तर आधी-नंतरची तुलना मुळातच लंगडी असते. पहिले दोन-तीन दिवस सबस्क्रायबरांच्या पानांवर आणि होमवर तो दिसतो, मग ब्राउझ आपोआप उतरते. चौथ्या दिवशी नाव बदलून पाचव्या दिवशीच्या उताराचे खापर नव्या नावावर फोडण्यात काही तथ्य नाही. जुन्या व्हिडिओंत याची उलटी बाजू दिसते. माणूस सहसा सगळ्यात वाईट महिना पाहून नाव बदलायला घेतो, आणि सगळ्यात वाईट महिन्यानंतरचा महिना काहीही न करता थोडा बरा जाण्याचीच शक्यता जास्त असते.

या अडचणींतून वाट काढण्यासाठी यूट्यूबने २०२४ मध्ये थंबनेलांची चाचणी देऊ केली. एका व्हिडिओला तीनपर्यंत थंबनेल लावता येतात, ती एकाच काळात वेगवेगळ्या प्रेक्षकांना दाखवली जातात आणि कोणत्या थंबनेलने पाहण्याचा वेळ जास्त मिळवला हे जास्तीत जास्त दोन आठवड्यांत कळते. सगळी एकाच वेळी दाखवल्यामुळे दिवाळी, सुट्टी, क्रिकेटचा सामना या गोष्टी सगळ्यांना सारख्याच लागतात आणि हिशोबातून गळून पडतात. निकाल सीटीआरवर न लावता पाहण्याच्या वेळेवर लावला जातो, हीदेखील जमेची बाजू. पण निकाल एकत्रित येतो, सर्चचा वेगळा आणि ब्राउझचा वेगळा असा नाही. शोधणाऱ्यांना भावणारे आणि चाळणाऱ्यांना भावणारे थंबनेल वेगळे असले तर त्या व्हिडिओचे जे प्रेक्षक जास्त, त्यांचे जिंकते.

छोट्या चॅनेलची सगळ्यात मोठी अडचण शेवटी आकड्यांच्या लहानपणाची असते. २०० इम्प्रेशनवर ४ टक्के म्हणजे ८ क्लिक. काहीही न बदलता, निव्वळ योगायोगाने, ते पुढच्या आठवड्यात ३ किंवा १३ होऊ शकतात. म्हणजे सीटीआर दीड टक्का किंवा साडेसहा टक्के. ५,००० इम्प्रेशनवर तोच ४ टक्के साधारण ३.४ ते ४.६ मध्येच डोलतो आणि त्याबाहेर गेला तर काहीतरी घडले आहे असे म्हणता येते. महाराष्ट्रातल्या बहुतेक हौशी चॅनेलांवर एका व्हिडिओला एका वाटेवर तेवढी इम्प्रेशन महिनाभरातही मिळत नाहीत. अशा वेळी अॅनालिटिक्समधली गटांची सोय उपयोगी पडते. एका गटात ५०० पर्यंत व्हिडिओ ठेवता येतात. नाव बदललेले दहा फराळाचे व्हिडिओ एका गटात, न बदललेले तसेच दहा दुसऱ्या गटात घालायचे, आणि दोन्ही गटांची सर्चची ओळ वसुबारसेच्या आधीच्या त्याच आठवड्यांत शेजारी शेजारी ठेवायची. कोणते दहा बदलायचे आणि कोणते सोडायचे, हे मात्र आकडे न पाहता, चिठ्ठ्या टाकून ठरवलेले असावे.